नकाशा नसताना अंतर मोजणे: पावले, मणी आणि घड्याळ

फाट्यावरच्या मोठ्या दगडापासून पाण्याची जागा साधारण तीन किलोमीटर आहे, एवढेच कुणीतरी सांगितलेले असते. हातात नकाशा नाही, फोनवर काही दिसत नाही. अशा वेळी दर वळणावर एकच प्रश्न पडतो: आपण किती आलो? डोळ्यांनी केलेला अंदाज इथे फारसा कामाचा नाही. चढावर एक किलोमीटर दोनसारखा वाटतो आणि गप्पा मारत सपाटीवर चालताना दोन किलोमीटर एकासारखे जातात. पावले मात्र बऱ्यापैकी खरे बोलतात, फक्त त्यांची भाषा आधी शिकून घ्यावी लागते. तीच इथे सविस्तर मांडली आहे. त्यासाठी तुमचे स्वतःचे प्रमाण काढावे लागेल, गणती न चुकवता चालावे लागेल आणि घड्याळ लावून ती पडताळावी लागेल.

एक पाऊल नाही, जोडपाऊल

प्रत्येक पाऊल मोजू नका. डावे पाऊल जमिनीला लागले की एक, पुन्हा डावे लागले की दोन, असे मोजा. मधले उजवे सोडून द्या. या दोन पावलांच्या जोडीला आपण इथे जोडपाऊल म्हणू. याचे दोन फायदे आहेत. आकडे निम्मे होतात, त्यामुळे डोक्यावरचा भार कमी होतो. शिवाय बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडे लांब पडते, तो फरक जोडीत आपोआप मिटतो. ही युक्ती जुनीच आहे. ‘मैल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दांतून आला त्यांचा अर्थ हजार ‘पासुस’ असा होतो, आणि रोमन लोकांचा पासुस म्हणजे जोडपाऊलच होते.

मोठ्या माणसाची सपाट वाटेवर १०० मीटरला साधारण ६० ते ७० जोडपावले होतात. पण दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन चालत नाही. उंची सारखी असली तरी चाल वेगळी असते, आणि ६० व ७० मधला फरक तीन किलोमीटरांत चारशे मीटरांहून जास्त होतो.

तुमचा स्वतःचा आकडा काढा

हे काम घरून निघण्याआधीच करायचे आहे, वाटेत नाही. त्यासाठी नक्की माहीत असलेले १०० मीटर हवेत. मैदानावर आखलेली १०० मीटर शर्यतीची पट्टी सर्वांत सोपी. ती नसेल तर न ताणली जाणारी २० मीटरची दोरी घ्या, टेपने एकदा नीट मोजा आणि जमिनीवर एका रेषेत पाच वेळा टाका. नायलॉनची दोरी टाळा, कारण ती ओढली की लांबते आणि पाच वेळांत ही चूक पाचपट होते. फोनच्या जीपीएसवर १०० मीटर मोजू नका. त्याची काही मीटरांची चूक एवढ्या छोट्या अंतरात मोठी ठरते. फोनच वापरायचा असेल तर निदान ५०० मीटरचा सरळ तुकडा घ्या आणि आलेल्या पावलांना पाचाने भागा.

आता चाला. प्रवासात जे बूट घालणार तेच घाला आणि पाठीवर तेवढेच ओझे घ्या. सुरुवातीच्या खुणेच्या वीसेक पावले आधीपासून चालायला लागा, म्हणजे खूण ओलांडताना चाल लागलेली असेल. उभ्याने निघालात तर पहिली तीन-चार पावले आखूड पडतात. पायाकडे पाहू नका, समोर पाहा. आणि एक मीटरची पावले टाकण्याचा प्रयत्न मुळीच करू नका. नवशिक्यांची ही सर्वांत लाडकी चूक आहे. ओढूनताणून टाकलेली लांब पावले पहिल्या अर्ध्या तासापुरती टिकतात, मग थकलेला पाय आपल्या मूळ चालीवर येतो आणि तुमचा आकडा कुचकामी होतो.

हे अंतर चार वेळा चाला, दोनदा जाताना आणि दोनदा येताना. शेवटचे पाऊल अर्धे पडले तर अर्धेच लिहा. समजा आकडे आले ६१, ६३, ६२, ६२. मग तुमचा सपाटीचा आकडा ६२. चारांत तीनपेक्षा जास्त फरक पडला, म्हणजे ५९, ६४ असे काही आले, तर चाल अजून बसलेली नाही. थोडे फिरून या आणि पुन्हा मोजा.

याच वेळी घड्याळही लावा. या १०० मीटरना किती सेकंद लागले तेही चारही वेळा लिहा. इथून पुढे आपण ७५ सेकंद धरू.

चढाचा आकडा वेगळा

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून थोडे थांबू. चढावर पाऊल आखूड होते. त्यामुळे तेवढ्याच अंतराला जास्त पावले लागतात. सपाटीचा आकडा चढावर वापरला तर प्रत्यक्षात चालला त्यापेक्षा जास्त अंतर चालून झाले असे तुम्हाला वाटेल. ही चूक नेहमी एकाच बाजूला झुकते, म्हणून ती चढ संपेपर्यंत साठत जाते आणि आपोआप कटत नाही. परिणाम असा की जी खूण पुढे आहे ती तुम्ही आधीच शोधू लागता, आणि ‘आता आलीच पाहिजे’ या भरात भलत्याच फाट्याला वळता. वाट चुकलेल्या माणसांत हा प्रकार पुष्कळदा दिसतो: खूण मागे राहिली असे समजून ते परत फिरतात, आणि खूण पाचशे पावले पुढेच असते.

म्हणून एखादा चढ शोधा. ज्यावर सलग बोलत चालले तर धाप लागते, असा. त्यावर दोरीने १०० मीटर आखून वर जाताना आणि खाली येताना मोजा. पुन्हा उदाहरणादाखल आकडे घेऊ: चढताना ७७ जोडपावले आणि ११० सेकंद. अगदी सौम्य उतारावर सपाटीच्या जवळपास, म्हणजे ६४ जोडपावले आणि ७७ सेकंद. सौम्य चढावर ६८.

उतारावर पाऊल लांब पडते असे सगळे गृहीत धरतात. अगदी हलक्या, पायाखाली घट्ट असलेल्या उतारावर काहींचे ते खरेच लांबते. पण उतार जरा तीव्र झाला, माती निसरडी झाली किंवा गुडघे दुखू लागले की पाय ब्रेक लावतो आणि पाऊल चढापेक्षाही आखूड होऊ शकते. त्यामुळे तीव्र उताराचा आकडा अंदाजाने धरू नका, तोही मोजा.

इथे कुणी विचारेल, चढावर चाललेले अंतर आणि नकाशावर दिसते ते आडवे अंतर यात फरक नसतो का? असतो, पण समजतो त्यापेक्षा कमी. १० अंशांच्या उतारावर तो दीड टक्का, २० अंशांवर सहा टक्के. ३० अंशांवर मात्र तेरा टक्क्यांपर्यंत जातो, पण अशा उतारावर वाट बहुधा नागमोडी असते. नवशिक्याने आधी पावलाच्या आखूडपणाची काळजी करावी. ७७ ऐवजी ६२ वापरले तर चूक जवळपास चोवीस टक्के होते. त्यापुढे हा दीड टक्का किस झाड की पत्ती.

वाळू, गुडघाभर गवत, नांगरलेले शेत आणि अंधार यांतही पाऊल आखूडच होते. प्रत्येकासाठी वेगळा आकडा बाळगण्याची गरज नाही. वहीच्या पहिल्या पानावर सपाटी, चढ, सौम्य उतार आणि ‘वाईट जमीन’ असे चार-पाच आकडे लिहून ठेवले की बरेच काम होते.

शंभरांची गणती: मणी, खडे किंवा पेरे

जोडपावले मोजणे सोपे आहे. किती शंभर मीटर झाले हे लक्षात ठेवणे अवघड. पंधरा-सोळा वेळा ‘६२ झाले, पुन्हा एकपासून’ असे केल्यावर तो चौदावा होता की पंधरावा, हे नुसत्या डोक्याने सांगता येत नाही. म्हणून शंभर मीटर पूर्ण झाले की हाताने काहीतरी हलवायचे.

एकोणिसाव्या शतकात तिबेटची मोजणी करणारे नैनसिंह रावत यांच्यासारखे ‘पंडित’ यात्रेकरूच्या वेशात जपमाळ घेऊन चालत. माळेत १०८ ऐवजी १०० मणी असत आणि दर शंभर पावलांना एक मणी सरके. पाहणाऱ्याला जप दिसे, ओढणाऱ्याची मोजणी चालू असे.

आजची सोयीची पद्धत अशी. जाड दोरी दुहेरी घडी घालून तिच्यावर घट्ट बसणारे मणी ओवा. खाली नऊ मणी, मग एक गाठ, तिच्या वर चार मणी. मणी आपोआप घसरू नयेत एवढी दोरी जाड हवी. दर १०० मीटर पूर्ण झाले की खालच्या भागातला एक मणी ओढायचा. नऊ मणी संपल्यावर दहावे शंभर पूर्ण झाले की नऊही मणी परत वर सारायचे आणि वरच्या भागातला एक मणी ओढायचा. तो झाला एक किलोमीटर. अशा माळेवर ४ किलोमीटर ९०० मीटरपर्यंत हिशेब राहतो. ही माळ पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्याला, न बघता हात पोचेल अशा जागी बांधा.

मणी नसतील तर एका खिशात वीस खडे घेऊन दर शंभराला एक दुसऱ्या खिशात टाका. दोन्ही खिसे वेगवेगळे आणि रिकामे असू द्या. नाही तर नाण्यांत खडे मिसळतील. थोड्या अंतरासाठी बोटांची पेरे पुरतात: अंगठ्याने चार बोटांची बारा पेरे मोजता येतात, म्हणजे बारा शंभर. पेऱ्यांची अडचण अशी की हात काठीला किंवा दगडाला धरायला लागला की गणती गेली.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: मणी ‘६२’ म्हणतानाच ओढायचा, ‘१’ म्हणताना नाही. कधी आधी, कधी नंतर असे केले की एका मण्याचा घोळ होतो, आणि एक मणी म्हणजे शंभर मीटर. मधेच कुणी बोलले किंवा वाटेत ओंडका आडवा आला तर थांबा, चालू आकडा मोठ्याने म्हणा, मग बोला किंवा ओलांडा. थांबलो तेव्हा आकडा ४१ होता हे दोन मिनिटांच्या गप्पांनंतर आठवत नाही. लांब थांबा असेल तर आकडा वहीत लिहा.

दोघे असाल तर दोघांनी मनातल्या मनात वेगवेगळे मोजावे आणि फक्त खुणेवर आकडे जुळवावेत. मोठ्याने मोजले तर दुसरा नकळत पहिल्याचेच आकडे म्हणू लागतो. दोघांचे प्रमाण वेगळे असते, म्हणून आधी मीटर काढा आणि मग तुलना करा. फरक दहा-वीस मीटरांचा असेल तर तो पावलांचा नैसर्गिक फरक आहे, सरासरी घ्या. पण फरक शंभराच्या आसपास आला तर तो पावलांचा नाही. कुणाचा तरी मणी चुकलेला आहे.

वाटेत मोठा खडक, चिखल किंवा काटेरी जाळी आली की वळसा घालावा लागतो. तिथे अंतर फुगू द्यायचे नाही. उजवीकडे वळून ४० जोडपावले जा, ही मोजा पण गणतीत धरू नका. मग मूळ दिशेने अडथळा पार होईपर्यंत चाला, ही पावले धरा. पुन्हा डावीकडे ४० चाला, तीही धरू नका. तुम्ही जुन्या रेषेवर आलात आणि हिशेबही शाबूत राहिला. दगडधोंड्यांच्या पात्रात, जिथे प्रत्येक पाऊल उडी असते, तिथे मोजण्याचा हट्ट सोडा. पलीकडचा काठ नजरेने अंदाजा आणि वहीत ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहा.

घड्याळ कशासाठी?

घड्याळाला मणी चुकत नाहीत. तुम्ही गाणे म्हणा, वाद घाला, पण सेकंद चालूच राहतात. म्हणून लांब टप्प्यांसाठी, किंवा नुसत्या पडताळणीसाठी, वेळ फार उपयोगी आहे. सपाटीवर १०० मीटरना ७५ सेकंद म्हणजे मिनिटाला ८० मीटर. पंचवीस मिनिटे चाललात की दोन किलोमीटर झाले.

पण त्याचे दोष वेगळे आहेत. घड्याळ थांबे मोजते. पाच मिनिटांचा विसरलेला थांबा म्हणजे सपाटीवर चारशे मीटरांची चूक. म्हणून चालू-बंद करता येणारे घड्याळ वापरा आणि पाय थांबले की तेही थांबवा. पाणी प्यायला, बूट बांधायला, वाट बघायला, कशासाठीही. दुसरा दोष हळू येतो: वेग दिवसभर सारखा राहत नाही. सकाळची पहिली वीस मिनिटे माणूस जोशात असतो, दुपारनंतर ढेपाळतो. पावलाची लांबीही थकव्याने कमी होते, पण वेगाइतकी नाही. म्हणून दिवसाच्या उत्तरार्धात पावले आणि घड्याळ यांत तफावत वाढली तर पावलांवर जास्त विश्वास ठेवा.

चढाच्या वेळेसाठी एक प्रसिद्ध नियम आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला, आणि आजच्या मापांत तो असा सांगतात: ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर उंची चढायला एक तास जादा. नियम चांगला आहे, पण आपल्या प्रसंगात त्याचा फार उपयोग नाही. किती उंची चढलो हे तो आधीच माहीत धरतो, आणि नकाशा नसताना नेमके तेच कळत नाही. त्यापेक्षा चढावर स्वतः मोजलेले सेकंद जास्त भरवशाचे.

एक वाट, तीन टप्पे

आता सुरुवातीचा फाटा घेऊ. मोठ्या दगडापासून पाणी साधारण तीन किलोमीटर, असे सांगितलेले आहे. वाटेत आधी ओढा लागतो, मग चढून खिंड, आणि पलीकडे हलक्या उतारावर पाणी. वहीत चार रकाने आखा: कुठून कुठे, जमीन कशी, जोडपावले, चालण्याचा वेळ.

पहिला टप्पा दगड ते ओढा, सपाट. ओढ्याशी पोचल्यावर माळेवर चौदा शंभर, म्हणजे वर एक मणी आणि खाली चार, आणि तोंडात ३०. सपाटीचा आकडा ६२. म्हणून ३० भागिले ६२, म्हणजे शंभराचा जवळपास अर्धा, ४८ मीटर. एकूण १,४४८, आपण १,४५० धरू. एकेका मीटरचा हट्ट या पद्धतीत शोभत नाही. घड्याळात १८ मिनिटे १० सेकंद, म्हणजे १,०९० सेकंद. त्याला ७५ ने भागले की साडेचौदा शंभर. दोन्ही जुळले. हा टप्पा पक्का.

ओढ्यावर थांबून सगळे मणी परत वर सारा. प्रत्येक खुणेवर गणती नव्याने सुरू करायची. पूर्ण वाटेची एकच सलग गणती ठेवली तर एका टप्प्यातली चूक सगळ्या वाटेत मुरते आणि ती कुठे झाली हे कळत नाही.

दुसरा टप्पा चढाचा. आता दर ७७ जोडपावलांना मणी. हा बदल ओढ्यावरच मोठ्याने म्हणून घ्या, कारण पाय चढू लागले तरी तोंड सवयीने ६२ वरच थांबते. खिंडीत पोचल्यावर नऊ शंभर आणि ४०, म्हणजे साधारण ९५० मीटर. मध्ये तीन मिनिटे दम खायला थांबलात आणि घड्याळ थांबवलेत. चालण्याचा वेळ १७ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे १,०७० सेकंद. ११० ने भागले तर ९७३ मीटर. फरक वीस-पंचवीस मीटरांचा, अडीच टक्के. चढावर एवढे चालते. ९५० धरा.

हाच टप्पा चुकीच्या पद्धतीने मोजून बघा. एकूण जोडपावले ७३३ झाली. त्यांना ६२ ने भागले तर १,१८२ मीटर येतात, म्हणजे २३० मीटर जास्त. आणि तीन मिनिटांचा थांबा वजा केला नाही तर घड्याळ १,१३६ म्हणते. दोन्ही चुका एकाच बाजूला आहेत आणि आकडेही जवळ आहेत, त्यामुळे एकमेकींची साक्ष काढतात. दोन पद्धती जुळल्या म्हणून उत्तर बरोबर, असे दरवेळी समजू नका. आधी दोन्हींत चढ आणि थांबा नीट धरला आहे का, ते बघा.

खिंडीपर्यंत झाले २,४०० मीटर. सांगितलेले अंतर तीन हजार, म्हणजे सहाशे उरले. पण सहाशेव्या मीटरवरच पाणी असेल असे नाही. नीट सराव केलेल्या माणसाची चूक वाट चांगली असेल तर पाच टक्क्यांच्या आत राहते, म्हणजे तीन किलोमीटरवर १५० मीटर. शिवाय ‘साधारण तीन’ हा सांगणाऱ्याचाच अंदाज आहे. म्हणून उतरायला लागण्याआधी दोन आकडे ठरवा. ४०० मीटर झाले की वेग कमी करून दोन्ही बाजूंना बघायला लागायचे. हजार मीटर झाले तरी पाणी दिसले नाही तर थांबायचे आणि खिंडीत परत यायचे. दुसरा आकडा आधीच ठरवणे जास्त महत्त्वाचे, कारण तहान लागलेला माणूस ‘अजून थोडे पुढे’ म्हणतच राहतो.

तिसरा टप्पा उताराचा, दर ६४ ला मणी. पाणी सापडले तेव्हा माळेवर चार शंभर आणि ३५, म्हणजे ४५५ मीटर. घड्याळ मात्र ७ मिनिटे ५ सेकंद दाखवते. ४२५ सेकंद भागिले ७७, म्हणजे ५५२ मीटर. फरक सत्त्याण्णव मीटरांचा. हा आकडा शंभराला इतका चिकटून आहे की चाल मंदावली असेल यापेक्षा एक मणी ओढायचा राहिला असण्याचा संशय जास्त. इथेच सेकंदांचे महत्त्व कळते. नुसती मिनिटे लिहिली असती तर निघण्याच्या आणि पोचण्याच्या नोंदीत मिळून मिनिटभराची ढिलाई राहिली असती, म्हणजे ऐंशी मीटर. मग मणी चुकला की घड्याळ, हे ठरवता आले नसते.

संशयावरून वहीत आकडा बदलू नका. ४५५ आणि ५५२ दोन्ही लिहा, पुढे प्रश्नचिन्ह करा आणि परत जाताना पुन्हा मोजा. परतताना हाच सौम्य उतार सौम्य चढ होतो, म्हणून आकडा ६८. खिंडीत पोचताना पाच शंभर आणि ३८ आले, म्हणजे ५५६. घड्याळाच्या बाजूने कौल लागला. आता ४५५ वर रेघ मारा आणि टप्पा ५५५ धरा. दगड ते पाणी २,९५५ मीटर.

परतीची मोजणी आणखी एका कारणासाठी करावी. खिंड ते ओढा उतरताना आलेले अंतर चढताना आलेल्या ९५० शी जुळायला हवे. जाताना ९५० आणि येताना ८५०, असे नीट मोजूनही आले तर तुमचा चढाचा किंवा उताराचा आकडा या जमिनीला बसत नाही. कोणता, ते एका वाटेवरून कळणार नाही. दोरी घेऊन त्या प्रकारच्या जमिनीवर पुन्हा १०० मीटर आखा.

वाटेचे अंतर आणि सरळ अंतर

पावलांनी मिळते ते वाटेवरचे अंतर. दगडापासून पाणी २,९५५ मीटर चालून लागते, पण पक्षी उडाला तर ते कदाचित दोनच किलोमीटर असेल. चालण्यासाठी वाटेचेच अंतर हवे, तिथे अडचण नाही. पण या नोंदींवरून कागदावर आराखडा काढायचा असेल तर प्रत्येक मोठ्या वळणावर नवा टप्पा सुरू करून होकायंत्राने दिशा लिहावी लागते. नागमोडी वाटेला एकच सरळ रेघ समजून कागदावर ओढले की खिंड भलत्याच डोंगरावर जाते.

आराखड्यासाठी मीटर हवेतच असेही नाही. दोरी नव्हती, प्रमाण काढता आले नाही, तरी एक सेंटिमीटर म्हणजे शंभर जोडपावले असे ठरवून काढलेला आराखडा आपल्यापुरता खरा ठरतो. फक्त चढाचा टप्पा असेल तर त्याची पावले तशीच न उतरवता कमी करून घ्या. ७७ ला ६२ असे प्रमाण असलेल्याने चढाची ७३३ पावले आधी सपाटीच्या ५९० पावलांवर आणावीत आणि मग रेघ ओढावी. स्वतःचे हे प्रमाण काढायला शंभर मीटर माहीत असण्याचीही गरज नसते. कुठल्याही लांबीची दोरी सपाटीवर आणि चढावर तेवढ्याच वेळा टाकून पावले मोजली की ते मिळते.

दर काही महिन्यांनी, बूट बदलले की, किंवा नेहमीपेक्षा ओझे बरेच वाढले की सपाटीचे १०० मीटर पुन्हा चालून बघा. ६२ चे ६४ झाले असतील तर वहीच्या पहिल्या पानावर नवा आकडा आणि तारीख लिहा. जुना आकडा खोडू नका. मागच्या नोंदी त्याच आकड्यावर केलेल्या आहेत.